विहिरीत पावडर टाकूनही पाणी पुन्हा खराब निघतंय? पिवळा रंग कधी जातो ते आधी बघा

पावसाळ्यात आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या घरोघरच्या विहिरींबद्दल एकच तक्रार फिरून फिरून येते. ग्रामपंचायतीतून टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर आणली, विहिरीत टाकली, दोन दिवस पाण्याला वास आला आणि आठवड्याने तपासणीची बाटली पुन्हा काळी. मग पुन्हा पावडर, पुन्हा वास, पुन्हा काळी बाटली. यावल तालुक्यातले एक जिभाऊ वैतागून म्हणाले होते, "पावडर टाकी दिन्ही, तरी बाटली काळीच व्हई गई!" त्यांच्याच विहिरीचं उदाहरण पुढे घेतो, कारण तिच्यात दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी होते आणि पहिला दुरुस्त केल्याशिवाय दुसरा दिसलाच नसता.

बाटली काळी होते, म्हणजे पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता आहे. पण ते का आहेत, हे बाटली सांगत नाही. ते कळतं पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणाऱ्या क्लोरोस्कोपवरून, म्हणजे ओटी टेस्टवरून. ही टेस्ट बहुतेक लोक एकदाच करतात: सकाळी पाणी घेतलं, थेंब टाकले, पिवळं झालं की समाधान. अशा एका टेस्टचा इथे फारसा उपयोग नाही. क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासाने, एका तासाने, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी, अशी चारदा टेस्ट करा आणि पिवळा रंग कोणत्या टप्प्यावर गायब होतो ते लिहून ठेवा.

अर्ध्या तासातच पिवळा रंग दिसत नसेल, तर क्लोरीन कमी पडतंय. पावडर मेलेली असेल, मात्रा चुकली असेल किंवा पाण्यातली घाणच सगळं क्लोरीन खाऊन टाकत असेल. पण तासाभराने चांगला पिवळा रंग होता, सकाळीही होता आणि पाऊस पडून गेल्यावर किंवा ओट्यावर धुणं झाल्यावर अचानक गेला, तर मात्रा बरोबर आहे आणि विहिरीत बाहेरून काहीतरी झिरपतंय. पहिल्या प्रकारात ताजी पावडर किंवा योग्य मात्रा हा उपाय आहे. दुसऱ्यात कितीही पावडर ओतली तरी पैसे पाण्यात.

टेस्टवर विश्वास ठेवण्याआधी

ओटीचं द्रावण जुनं झालं की खोटं शून्य दाखवतं. म्हणून एका कपात साधं पाणी घेऊन त्यात पावडर कालवून निवळलेल्या पाण्याचा एखादा थेंब टाका आणि मग ओटीचे थेंब टाका. रंग गडद पिवळा किंवा नारिंगी झाला पाहिजे. झाला नाही, तर आधी ताजी ओटी आणा.

उलटी चूकही होते. काही विहिरींच्या पाण्यात नायट्राइट किंवा मँगनीज असतं आणि क्लोरीन नसतानाही ओटी फिकट पिवळी होते. त्यामुळे पावडर टाकण्याआधी एकदा कोऱ्या पाण्यावर टेस्ट करा, ती बिनरंगाची यायला हवी.

रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचायचा. त्यानंतर नळी तशीच ठेवून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघा. आधी फिकट असलेला रंग हळूहळू गडद होत गेला, तर मोकळं क्लोरीन कमी आहे आणि अमोनियाशी जोडलं गेलेलं क्लोरीन जास्त आहे. असं जोडलेलं क्लोरीन जंतू मारायला फार वेळ लावतं. विहिरीच्या पाण्यात अमोनिया दिसला की माझी नजर आधी गोठ्याकडे, उकिरड्याकडे आणि शोषखड्ड्याकडे जाते. टेस्ट झालेलं पाणी फेकून द्यायचं, पिण्याच्या भांड्यात परत ओतायचं नाही. ओटी विषारी आहे, हातालाही लागू देऊ नका.

जिभाऊंच्या विहिरीचा हिशोब

विहिरीचा व्यास 8 फूट. दोरीला दगड बांधून मोजलं तर पाणी 10 फूट होतं. इथेच पुष्कळ जण चुकतात, विहिरीची पूर्ण खोली धरतात. आपल्याला फक्त पाण्याची उंची हवी, आणि ती जूनमध्ये वेगळी आणि सप्टेंबरमध्ये वेगळी असते, म्हणून दर वेळी मोजावी लागते. फुटातलं सोपं सूत्र असं:

व्यास × व्यास × पाण्याची उंची × 22 = लिटर

8 × 8 × 10 × 22 म्हणजे 14,080, धरा 14,000 लिटर.

स्वच्छ पाण्यासाठीची नेहमीची मात्रा म्हणजे दर 1,000 लिटरला चांगल्या पावडरीची साधारण अडीच ग्रॅम. त्या हिशोबाने 35 ग्रॅम होतात, आणि जिभाऊ तेवढीच टाकत होते. हिशोब चुकीचा नव्हता. पण अडीच ग्रॅमचा आकडा गृहीत धरतो की पावडरीत 25 ते 30 टक्के क्लोरीन शिल्लक आहे आणि पाणी निवळशंख आहे. जिभाऊंची पावडर पत्र्याच्या शेडमध्ये उघड्या पोत्यात पडलेली होती आणि तिच्या गाठी झाल्या होत्या. ब्लिचिंग पावडर उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी उतरते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातलं पत्र्याखालचं पोतं म्हणजे तिच्यासाठी भट्टीच. वर पहिल्या पावसाचा गाळ विहिरीत उतरलेला. अर्ध्या तासाची टेस्ट केली तर शून्य.

अशा वेळी आकडा पुस्तकातून घेण्यापेक्षा पाण्यालाच विचारावा. आरोग्य खात्याच्या माणसाकडे मात्रा ठरवायची हॉरॉक्सची पेटी असते. तिच्यात सहा पांढरे कप आणि एक काळा कप असतो. ती मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर प्लास्टिकच्या चार बादल्यांनी काम होतं. लोखंडी किंवा जस्ताची बादली नको, धातू क्लोरीन खातो.

एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम पावडर कालवा. आधी थोड्या पाण्यात पातळ पेस्ट करायची, मग पाणी वाढवायचं आणि दहा मिनिटं निवळू द्यायचं. वरचं स्वच्छ पाणी ही आपली निवळी. प्रत्येक बादलीत विहिरीचं 10 लिटर पाणी घ्या आणि बिनसुईच्या सिरिंजने पहिल्या बादलीत 5 मिली, दुसरीत 10, तिसरीत 15 आणि चौथीत 20 मिली निवळी टाका. नीट ढवळा, झाका आणि अर्धा तास सावलीत ठेवा. मग चारही बादल्यांची ओटी टेस्ट करा. पाच मिली म्हणजे दर 1,000 लिटरला 5 ग्रॅम पावडर, दहा मिली म्हणजे 10 ग्रॅम, असा सरळ हिशोब आहे. ज्या बादलीत पहिल्यांदा क्लोरोस्कोपवरच्या 0.5 च्या खुणेइतका रंग येईल, ती तुमची मात्रा. या पद्धतीचा मोठा फायदा असा की पावडर किती उतरली आहे हे वेगळं शोधावं लागत नाही, कारण टेस्टमध्ये आणि विहिरीत पावडर तीच वापरायची आहे. दहा ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नसेल, तर गावात सोनाराचा काटा असतोच.

जिभाऊंकडे पहिल्या बादलीत रंग आला नाही, दुसरीत जेमतेम झाक आली आणि तिसरीत 0.5 लागला. म्हणजे दर 1,000 लिटरला 15 ग्रॅम आणि 14,000 लिटरला 210 ग्रॅम. टाकत होते 35.

चौथ्या बादलीतही रंग आला नसता तर? मग दोष पावडरीचा की पाण्याचा, हे वेगळं करायचं. हीच टेस्ट विकतच्या जारच्या स्वच्छ पाण्यावर करा. तिथे पहिल्याच बादलीत ठळक पिवळा रंग यायला हवा. तिथेही आला नाही तर पावडर मेली आहे, ती टाकून द्या. जारच्या पाण्यात आला आणि विहिरीच्या पाण्यात नाही, तर विहिरीत गाळ आणि कुजका पाला इतका आहे की आधी उपसा करावा लागेल. गढूळ पाण्यात क्लोरीन वाढवत नेणं हा काही मार्ग नाही. मातीच्या कणांच्या आड जंतू वाचतात आणि पाण्याला मात्र असह्य वास येतो.

विहिरीत टाकायचं कसं, थांबायचं किती

संध्याकाळी शेवटचं पाणी भरून झाल्यावर टाका. रात्रभर उपसा नसतो आणि ऊनही नसतं.

एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर कालवू नका. 210 ग्रॅमसाठी 70 ग्रॅमच्या तीन बादल्या करा. पेस्ट करायची, बादली पाऊण भरायची, ढवळायची, दहा मिनिटं थांबायचं. तळाशी पांढरा चुना बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून घ्या आणि चुना बाहेर टाका. कोरडी पावडर वरून फेकली तर तिचा काही भाग तरंगतो आणि काही चुना होऊन तळाशी जातो. आपलं पाणी आधीच जड, त्यात आणखी चुना कशाला?

निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली आणि बाजूंना जोरात हलवा. मोटार असेल तर त्याहून चांगली सोय आहे: पाइपाचं तोंड परत विहिरीत सोडा आणि अर्धा तास पाणी गोल फिरू द्या. न मिसळलेलं क्लोरीन वरच्या थरातच राहतं आणि वरच्याच थरातून घेतलेला नमुना छान पिवळा येतो. म्हणून नमुना घेताना बादली पाण्यात खोल बुडवूनच वर काढा.

निदान अर्धा तास क्लोरीन आणि पाण्याचा संपर्क लागतो. विहिरीसाठी एक तास धरावा, कारण मिसळायलाच वेळ जातो. तासाभराने टेस्ट करा. 0.5 किंवा त्याहून जास्त असेल तर पाणी वापरायला हरकत नाही. कमी असेल तर पुन्हा निवळी टाकून पुन्हा एक तास. 1 च्या वर असेल तर पिण्याआधी ते उतरू द्या. रात्री टाकण्याचा हाही एक फायदा, सकाळपर्यंत बहुधा खाली येतं. शेवटी घरच्या नळाशी 0.2 तरी उरलं पाहिजे.

जिभाऊंच्या विहिरीत 210 ग्रॅम टाकल्यावर तासाने 0.5 च्या थोडं वर आलं, सकाळी साधारण 0.3 होतं. तोवर सगळं ठीक. दोन दिवसांनी जोराचा पाऊस झाला आणि दुपारी टेस्ट शून्य. थेंब टाकून नळी ठेवली तर दहा मिनिटांनी किंचित रंग चढला. हा त्यांचा दुसरा दोष.

आत काय येतंय ते शोधताना

उन्हाच्या वेळी आरसा धरून उजेड विहिरीच्या आतल्या भिंतीवर पाडा. बॅटरीपेक्षा याने जास्त दिसतं. मग कोणाला तरी ओट्यावर दोन-तीन बादल्या पाणी ओतायला सांगा आणि भिंतीवर नजर ठेवा. जिभाऊंच्या ओट्याला धुण्याच्या दगडाशेजारी भेग होती. थोड्याच वेळात तिच्या खाली भिंतीवर ओल उमटली आणि वीट-दगडाच्या सांध्यातून थेंब गळायला लागले. उकिरडा विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर आणि तोही चढाच्या बाजूला.

आतल्या बाजूचं बांधकाम वरून निदान 6 मीटर पाणी न झिरपणारं असावं. कठडा साधारण पाऊण मीटर उंच, सभोवती निदान 1 मीटर रुंद सिमेंटचा ओटा, आणि सांडपाणी लांब नेणारी नाली. शोषखड्डा, गोठा, उकिरडा यांपासून विहीर 15 मीटर तरी दूर असायला हवी. काळ्या खडकातल्या विहिरीत हे अंतरही कधी पुरत नाही, कारण खडकातल्या भेगांतून पाणी गाळलं न जाता सरळ धावतं. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत थोडी तरी गाळणी होते.

जिभाऊंनी ओट्याची भेग बुजवली, धुण्याचा दगड नालीपलीकडे नेला आणि उकिरडा उताराच्या बाजूला हलवला. आतली भिंत वरून जिथवर पोचता आली तिथवर सिमेंटने सांधून घेतली. त्यासाठी विहिरीत माणूस उतरवायचा तर क्लोरीन टाकलेलं असताना अजिबात नाही. क्लोरीनचा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. एरवीही खोल विहिरीत हवा नसण्याचा धोका असतोच.

दुरुस्तीनंतर एकदा जबर मात्रा

दुरुस्ती झाल्यावर, गाळ काढल्यावर किंवा विहिरीत पुराचं पाणी शिरून गेल्यावर नेहमीची मात्रा पुरत नाही. भिंती, पाइप, फुटव्हॉल्व्ह या सगळ्यांवर चिकट थर असतो. यासाठी दर लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन धरतात. 14,000 लिटरला 700 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 25 टक्क्यांच्या ताज्या पावडरीची 2.8 किलो. इथे जुनी पावडर चालत नाही, बंद पॅकिंगचीच आणा. निवळी थोड्या थोड्या पावडरीची अनेक बादल्यांत करा आणि थोडी भिंतींवरूनही ओता. मोटारीने पाणी फिरवा, घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा.

मग 12 तास थांबायचं. या वेळात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, गुरांना पाजणं, सगळं बंद. आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवा. 12 तासांनी उपसा सुरू करा. हे पाणी मोकळ्या पडीक जागेवर सोडा. पिकात, नाल्यात किंवा शेततळ्यात नको, आणि शौचालयाच्या टाकीत तर नकोच, तिथले कामाचे जंतू मरतात. ओटी 0.5 च्या खाली येईपर्यंत उपसा चालू ठेवा. काळ्या बाटलीची टेस्ट त्याच दिवशी करू नका. क्लोरीन असताना ती चांगलीच येणार, त्यातून काही कळत नाही. क्लोरीन उतरून आठवडा झाल्यावर, पाऊस पडून गेलेला असेल तर आणखी उत्तम, तेव्हा करा. तो निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच प्या.

गच्चीवरची टाकी

विहीर ठीक आणि नळ खराब, असंही होतं. टाकीच्या तळाला बोटभर गाळ असतो आणि झाकण वाऱ्याने उडालेलं असतं. 1,000 लिटरच्या टाकीसाठी आधी गाळ घासून काढा, मग टाकी भरा आणि 200 ग्रॅम ताज्या पावडरीची निवळी दोन-तीन बादल्यांत करून टाका. नळ वास येईपर्यंत सोडा, बंद करा, रात्रभर म्हणजे 12 तास ठेवा. सकाळी सगळं पाणी सोडून द्या, एकदा खळबळून घ्या आणि मग भरा.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतली दुपारची टेस्ट शून्य आली म्हणून घाबरू नका. तापलेल्या पाण्यातलं क्लोरीन लवकर उडतं. टाकीत पाणी आल्यावर तासाभराने टेस्ट करा आणि पिण्याचं पाणी तेव्हाच भरून घ्या.

विहिरीत रोज रोज पावडर टाकण्याच्या कंटाळ्यावर मडक्याचा उपाय आहे. एका मडक्यात दुसरं मडकं, दोघांनाही एक-एक भोक, आत 1 किलो पावडर आणि 2 किलो जाडी वाळू किंचित ओली करून भोकाच्या थोडी खाली येईल इतकी भरायची, बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लास्टिकने बांधायचं आणि पाण्याखाली निदान 1 मीटर सोडायचं. नागपूरच्या नीरी संस्थेची ही पद्धत आहे. पण ती साधारण 4,500 लिटर पाणी आणि रोज 400-450 लिटर उपसा असलेल्या लहान घरगुती विहिरीसाठी आहे, तिथे दोन-तीन आठवडे चालते. जिभाऊंच्या 14,000 लिटरला एक जोडी पुरणार नाही. तीन जोड्या सोडा आणि तरी ओटी टेस्ट चालू ठेवा.

दोन गोष्टी धोक्याच्या. पोहण्याच्या तलावासाठी ट्रायक्लोरोच्या गोळ्या किंवा दाणे दुकानात मिळतात. ते टीसीएल पावडर नव्हे, आणि दोन्ही एकत्र झाले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. तसंच पावडर कालवलेल्या बादलीत संडास धुण्याचं ॲसिड कधीही जाऊ देऊ नका, लगेच विषारी वायू निघतो. पावडर कालवताना तोंडाला रुमाल, हातात मोजे आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं.

केळी-कापसाच्या शेताला लागून विहीर असेल तर वर्षातून एकदा नायट्रेटही तपासून घ्या. क्लोरीनने नायट्रेट जात नाही, उकळल्यानेही जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होतं. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त निघालं तर तान्ह्या बाळाचं वरचं दूध या पाण्यात कालवू नका, पिण्यासाठी दुसरं पाणी बघा. विहीर वापरायला आणि धुण्याला चालेल.